बाईकची बॅटरी बदलताना: पाण्याची, सीलबंद की लिथियम?

बाईकची बॅटरी गेली की आपल्यासमोर एकच प्रश्न असतो: कुठली घेऊ? माझ्यापुरतं या प्रश्नाचं उत्तर मला दोन बॅटऱ्यांचे पैसे घालवल्यावर मिळालं. मी प्रकार चुकीचा निवडला नव्हता. चूक त्याच्या आधीच झाली होती, आणि पुण्यात रोज बाईक चालवणारे बरेच जण तीच करतात. म्हणून आधी ती सांगतो. पाण्याची बॅटरी, सीलबंद बॅटरी आणि लिथियम बॅटरी यांच्यातला खरा फरक त्यातूनच कळतो.

माझी बाईक १५० सीसीची, कार्ब्युरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. तिला १२ व्होल्ट ९ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची पाण्याची बॅटरी होती. दोन वर्षं ती नीट चालली. मग एका उन्हाळ्यात ती पाणी जास्त पिऊ लागली. आधी महिना-दीड महिन्याने डिस्टिल्ड वॉटर घालावं लागायचं, आता आठ दिवसांत पातळी खालच्या रेघेच्या खाली जायची. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, कशाला कटकट करताय? ड्राय बॅटरी टाका. पाणी नको, काही नको." मी सीलबंद बॅटरी टाकली. आठव्या महिन्यात तीही मेली, आणि बाहेर काढली तेव्हा तिच्या बाजू फुगलेल्या होत्या.

दुसरी बॅटरी घ्यायला नाना पेठेत गेलो. तिथल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने जुन्या बॅटरीकडे एक नजर टाकली आणि नवी दाखवण्याआधी मल्टीमीटर काढला. दुसरी एक बॅटरी तात्पुरती जोडून बाईक चालू केली, थोडी रेस दिली आणि आकडा मला दाखवला: १५.४ व्होल्ट. "बॅटरी खराब नव्हती हो. तुमचा रेक्टिफायर तिला मारतोय," तो म्हणाला.

माझ्या पहिल्या बॅटरीचं जास्त पाणी पिणं हा आजार नव्हता, ते लक्षण होतं. सीलबंद बॅटरी बसवून मी ते लक्षण झाकलं, एवढंच.

## आधी मीटर, मग दुकान

बॅटरी निवडण्याआधी तीन मोजमापं घ्यायची. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवायचा, लाल टोक प्लसला आणि काळं टोक मायनसला लावायचं.

पहिलं माप, आरामातलं. बाईक रात्रभर बंद ठेवायची आणि सकाळी, सेल्फ मारण्याआधी व्होल्टेज बघायचं. लेड-ॲसिड बॅटरी, मग ती पाण्याची असो वा सीलबंद, पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजायची. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर सहा सेलपैकी एक सेल शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. अशी बॅटरी बदलावीच लागते.

दुसरं माप, सेल्फ मारतानाचं. मीटर लावलेला ठेवून सेल्फचं बटण दाबायचं. आकडा खाली येणारच, पण तो साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जाऊ नये. आरामात १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ दाबताच ७ किंवा ८ वर कोसळत असेल तर ती आतून थकलेली आहे. मात्र आधी टर्मिनलचे स्क्रू घट्ट आहेत ना आणि त्यांवर पांढरा-हिरवा थर नाही ना, ते बघा. सैल स्क्रूमुळे चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते.

तिसरं माप, चार्जिंगचं. लोक हेच विसरतात. बाईक चालू करून मध्यम रेस द्यायची, साधारण तीन-चार हजार आरपीएम. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिर हवा. १३.५ च्या वर चढतच नसेल तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. १४.८ च्या वर जात असेल तर ती भाजली जातेय. या दोन्ही परिस्थितींत नवी बॅटरी टाकणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

माझ्या बाईकचं तिसरं माप १५.४ होतं. इंजिनमधला मॅग्नेट आणि कॉइल मिळून एसी करंट तयार करतात. रेक्टिफायर त्याचा डीसी करतो, आणि त्याच डबीतला रेग्युलेटर व्होल्टेज साडेचौदाच्या आत धरून ठेवतो. ही डबी बहुतेक बाइकवर सीटखाली किंवा पुढे, हवा लागेल अशा जागी असते. माझ्या डबीच्या पट्ट्यांमध्ये चिखल सुकून घट्ट बसला होता आणि कनेक्टर काळा पडला होता. इलेक्ट्रिशियनने आधी कनेक्टर आणि अर्थिंगचा स्क्रू घासून साफ केला, कारण कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. आकडा १५.१ वर आला. म्हणजे डबीच गेली होती. नवी डबी बसवल्यावर १४.३ वर आला. बॅटरीचा प्रश्न त्यानंतर सुरू झाला.

## पाण्याची बॅटरी: जुनी, स्वस्त, पण बोलकी

हिच्यात शिशाच्या प्लेट्स पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. चार्ज होताना, विशेषतः भरत आल्यावर, पाण्याचा थोडा भाग हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो. म्हणून वरून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. ॲसिड उडत नाही, त्यामुळे ॲसिड कधीच घालायचं नाही. नळाचं पाणीही नाही, कारण त्यातले क्षार प्लेट्सवर बसतात. पाणी वरच्या रेघेपर्यंतच भरायचं. त्याच्यापुढे भरलं तर ॲसिड नळीतून बाहेर येतं आणि चेन, रंग, जे खाली असेल ते खातं. ती बारीक नळी बॅटरी बसवताना दबलेली किंवा निघालेली नाही ना, हेही बघायचं.

या बॅटरीचा मोठा गुण असा की तिची तब्येत बाहेरून दिसते. सहापैकी एकाच सेलचं पाणी कमी होत असेल तर त्या सेलमध्ये बिघाड आहे. सहाही सेलचं पाणी भराभर संपत असेल तर चार्जिंग जास्त होतंय. माझी बॅटरी मला हेच सांगत होती, मला ते ऐकू आलं नाही.

विकत घेताना एक काळजी. ही बॅटरी बहुधा कोरडी येते आणि दुकानदार समोर ॲसिड भरून देतो. भरल्यावर अर्धा तास थांबायचं, म्हणजे प्लेट्स ॲसिड शोषून घेतात. मग सावकाश चार्ज करायचं: क्षमतेच्या एक दशांश करंटने, म्हणजे ९ एएचला ०.९ अँपिअरने, पाच ते दहा तास. ॲसिड ओतून लगेच बाईकला लावली तर ती साधारण ८० टक्केच भरलेली असते, आणि पहिल्या दिवशी राहिलेली ही कसर पुढे नीट भरून निघत नाही. म्हणून दुकानदाराला सरळ म्हणायचं, "आज भरून चार्जिंगला लावा, मी उद्या नेतो." तो "पंधरा मिनिटांत लावून देतो" म्हणाला तरी नको म्हणा.

## सीलबंद बॅटरी: जिला आपण 'ड्राय' म्हणतो

नावाप्रमाणे ती कोरडी नसते. हिच्यातही शिसं आणि ॲसिडच असतं, फक्त ॲसिड काचेच्या तंतूंच्या जाळीत शोषून ठेवलेलं असतं. चार्ज होताना तयार झालेला ऑक्सिजन आतल्या आतच दुसऱ्या प्लेटवर जाऊन पुन्हा पाणी होतो. त्यामुळे पाणी घालायची गरज नाही, नळी नाही आणि ॲसिड सांडायची भीती जवळजवळ नाही. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक बाइक आणि स्कूटर कारखान्यातूनच ही बॅटरी घेऊन येतात.

हिच्यावर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. चार्जिंग प्रमाणात असेल तोवर तो बंद राहतो. व्होल्टेज १४.८ च्या वर जात राहिलं तर आतला वायू परत पाणी होण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने तयार होतो, दाब वाढतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. गेलेलं पाणी आता कायमचं गेलं, कारण भरायला झाकणच नाही. हळूहळू जाळी सुकते, बॅटरी गरम होते, बाजू फुगतात, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. माझ्या बॅटरीचं आठ महिन्यांत असंच झालं. त्याच १५.४ व्होल्टवर पाण्याच्या बॅटरीने निदान पाणी मागून इशारा दिला होता. सीलबंद बॅटरी शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहिली.

चार्जिंग ठीक असेल तर मात्र शहरातल्या रोजच्या वापराला हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. घेताना दोन गोष्टी बघा. एक, बॅटरीवरची निर्मितीची तारीख. दुकानात सहा महिन्यांहून जास्त पडून राहिलेली नको. दोन, दुकानातच मीटर लावून बघा, १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटी कार्डावरही नीट नजर टाका. अनेक सीलबंद बॅटऱ्यांवर "४८ महिने" लिहिलेलं असतं, पण त्यातले पहिले २४ महिने फुकट बदलून आणि पुढचे २४ महिने फक्त प्रमाणात सूट, असा हिशेब असतो. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख नसेल तर नंतर वाद होतो.

## लिथियम: हलकी, महाग आणि मानी

बाईकसाठी मिळणाऱ्या लिथियम बॅटऱ्या बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या असतात. मोबाईलच्या बॅटरीपेक्षा हे रसायन जास्त स्थिर आहे. ३.२ व्होल्टचे चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात. वजनात फरक मोठा आहे: ९ एएचची लेड-ॲसिड बॅटरी तीन किलोच्या आसपास भरते, तिच्या जागी बसणारी लिथियम एक किलोच्या आत. सेल्फ दाबताना व्होल्टेज फारसं पडत नाही, त्यामुळे इंजिन झटकन उचलतं.

आता तिच्या अटी.

पहिली अट चार्जिंगची. तिला १४ ते १४.६ व्होल्ट चालतं, त्याच्या पुढे नाही. लेड-ॲसिड बॅटरी पंधरा व्होल्ट काही महिने सोसते, लिथियम सोसत नाही. चांगल्या लिथियम बॅटरीत संरक्षक सर्किट असतं, ज्याला बीएमएस म्हणतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ते बॅटरीला सर्किटमधून तोडून टाकतं. बॅटरी वाचते, पण चालत्या इंजिनावर बॅटरी अचानक तुटली की रेक्टिफायरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि तो झटका ईसीयू, मीटर, एलईडी दिवे यांना बसू शकतो. माझ्या १५.४ व्होल्टच्या बाइकला मी गॅरेजवाल्याचं ऐकून सीलबंदऐवजी लिथियम लावली असती, तर नुकसान जास्तच झालं असतं.

दुसरी अट चार्जरची. घरी चार्ज करायची तर लिथियम आयर्न फॉस्फेटसाठीचाच चार्जर हवा. लेड-ॲसिडच्या काही चार्जरमध्ये 'रिपेअर' किंवा 'डिसल्फेशन' मोड असतो. तो जास्त व्होल्टेजचे ठोके मारतो आणि ते लिथियमला घातक असतात.

तिसरी गोष्ट अट नाही, पण तिथेच फसायला होतं. अनेक लिथियम बॅटऱ्यांवर लिहिलेला एएचचा आकडा हा 'लेड-ॲसिडच्या तोडीचा' आकडा असतो. म्हणजे सेल्फ मारायच्या ताकदीत ती ९ एएचच्या जुन्या बॅटरीइतकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. आत खरी साठवण त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३ एएचच्या आसपास असू शकते. रोज बाईक चालवणाऱ्याला याने फरक पडत नाही. बाईक उभी ठेवणाऱ्याला फार पडतो. तो हिशेब पुढे आहे.

तिचं व्होल्टेजही वेगळं वाचायचं. पूर्ण भरलेली लिथियम आरामात १३.३ च्या आसपास दाखवते. लेड-ॲसिडच्या सवयीने १२.८ बघून "फुल्ल आहे" म्हणाल, तर ती खरं तर संपत आलेली असते.

हवामानाचं म्हणाल तर पुण्याची थंडी तिला अडचणीची नाही. जानेवारीतल्या पहाटे पहिला सेल्फ थोडा जड गेला तर अर्धा मिनिट हेडलाईट लावून पुन्हा मारायचा, तेवढ्याने सेल ऊब धरतात. पण लडाखला जाणार असाल तर लक्षात ठेवा, शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करणं तिच्यासाठी वाईट असतं.

## पैशाचा हिशेब

माझ्या ९ एएचच्या जागेसाठी मी विचारलेले भाव गोळाबेरीज करून सांगतो. तुमच्या बाईकला, ब्रँडला आणि दिवसाला ते बदलतील, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण साधारण असंच राहतं. आयुष्य चार्जिंग ठीक आहे असं धरून आहे.

| प्रकार | अंदाजे किंमत | शहरातलं आयुष्य | वर्षाला खर्च | चार्जिंग |
|---|---|---|---|---|
| पाण्याची | १,३०० रु. | सुमारे २ वर्षं | ६५० रु. आणि डिस्टिल्ड वॉटर | १३.८ ते १४.५ व्होल्ट, थोडी चूक सोसते |
| सीलबंद | १,९०० रु. | सुमारे साडेतीन वर्षं | ५४० रु. | १३.८ ते १४.५, जास्त झालं तर गुपचूप सुकते |
| लिथियम | ६,५०० रु. | सुमारे ६ वर्षं | १,०८० रु. | १४ ते १४.६, पुढे अजिबात नाही |

पाण्याची बॅटरी दुकानात स्वस्त वाटते, वर्षावर पसरली की ती सीलबंदपेक्षा महाग पडते. लिथियमला केवळ पैशांत सीलबंदची बरोबरी करायची तर तिला जवळपास बारा वर्षं टिकावं लागेल. वजन कमी करण्यासाठी ती घेणं वेगळं, पण "लाँग टर्ममध्ये स्वस्त पडते" हे रोज कोथरूड ते शिवाजीनगर करणाऱ्या बाइकला लागू होत नाही.

आणि माझ्या पहिल्या सीलबंद बॅटरीचा खर्च? १,९०० रुपये आठ महिन्यांत, म्हणजे वर्षाला २,८५०. टेबलमधल्या सगळ्यात महाग बॅटरीच्या अडीचपट. रेक्टिफायर त्याहून कितीतरी स्वस्तात आला.

आयुष्याच्या आकड्यात उन्हाचा वाटा मोठा आहे. लेड-ॲसिड बॅटरीबाबत ढोबळ नियम असा की तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि ऑफिसबाहेर दिवसभर उन्हात उभ्या बाईकच्या सीटखाली त्याहून जास्त तापतं. सावलीतलं पार्किंग ही बॅटरीची सगळ्यात स्वस्त देखभाल.

## बॅटरी नेमकी कशाने संपते?

लोकांना वाटतं, ट्रॅफिकमध्ये सारखा सेल्फ मारल्याने बॅटरी संपते. आकडे बघू. सेल्फची मोटर साधारण ८० अँपिअर दोन सेकंद ओढते असं धरलं, तर एका वेळचा खर्च ०.०४४ अँपिअर-अवर. एक अँपिअरने चार्ज होत असेल तर तो तीन मिनिटांत भरून निघतो. म्हणजे सिग्नलला इंजिन बंद करणं बॅटरीला जड जात नाही, मधे तीनेक मिनिटं बाईक पळाली की झालं.

खरा चोर वेगळा असतो. बाईक बंद असतानाही घड्याळ, अलार्म, जीपीएस ट्रॅकर थोडा थोडा करंट ओढत राहतात. फक्त घड्याळ असेल तर ते नगण्य. पण समजा ट्रॅकर २० मिलीअँपिअर ओढतो. २४ तासांत ते ०.४८ अँपिअर-अवर झालं. ९ एएचची भरलेली लेड-ॲसिड बॅटरी साधारण नऊ दिवसांत निम्मी होते. लिथियमची खरी साठवण ३ एएच असेल तर पाच दिवसांतच तिचा ८० टक्के भाग संपतो. गणपतीत दहा दिवस गावी गेलात आणि परत येऊन सेल्फ मारला, तर पाण्याची किंवा सीलबंद बॅटरी कदाचित उचलेल, लिथियम नाही. म्हणून ट्रॅकर लावलेली आणि आठवडा-आठवडा उभी राहणारी बाईक असेल तर लिथियम टाळा, किंवा गावी जाताना बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा.

ही गळती मोजायची असेल तर इग्निशन बंद ठेवून मायनस वायर सोडवा आणि मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून ती वायर आणि बॅटरीचं मायनस टोक यांच्यामध्ये जोडा. आकडा लहान दिसला तर मिलीअँपिअरच्या रेंजवर या. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही चावी फिरवू नका, सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज उडतो.

## मग कुठली घ्यायची?

मूळ बॅटरी जितक्या व्होल्टची आणि एएचची होती तितकीच घ्या, आणि प्लस-मायनसची बाजू जुळवून घ्या. टर्मिनल उलट्या बाजूला असतील तर वायर ताणून बसवाव्या लागतात, आणि त्यातूनच शॉर्ट होतात. जास्त एएच बसवली तरी बाइकचं चार्जिंग वाढत नाही.

तिसरं माप १३.८ ते १४.५ मध्ये असेल आणि बाईक रोज चालत असेल तर सीलबंद घ्या. बीएस-६ नंतरच्या, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या फ्युएल इंजेक्शनच्या बाइकला तर दुसरा विचारच नको. तिथे पेट्रोलचा पंप आणि ईसीयू बॅटरीवर अवलंबून असतात आणि अनेक मॉडेलना किकही नसते. बॅटरी पूर्ण मेली तर धक्का मारूनही चालू होईल याची खात्री नाही.

जुनी बाईक असेल, चार्जिंगचा आकडा रेसप्रमाणे थोडा वरखाली होत असेल आणि तुम्हाला पंधरा दिवसांनी सीट उघडून पाणी बघायचा कंटाळा नसेल, तर पाण्याची बॅटरी अजूनही चांगली. ती चूक सोसते आणि चूक दाखवतेही.

लिथियम तेव्हाच, जेव्हा वजन कमी करण्याचं खरं कारण असेल, तिसरं माप कधीही १४.६ च्या वर जात नसेल आणि तिच्यासाठीचा चार्जर तुम्ही घेणार असाल. बाईक कंपनीच्या वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

बॅटरी स्वतः बदलत असाल तर क्रम लक्षात ठेवा: काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना चुकून चासीला लागला तर मोठी ठिणगी पडते. मायनस आधीच काढलेली असेल तर पाना लागला तरी काही होत नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. ती दुकानातच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशामुळे जुन्या बॅटरीला किंमतही असते. बिलात तेवढी सूट मागा. लिथियमला अशी सूट सहसा मिळत नाही, पण तीही घरच्या कचऱ्यात टाकायची नसते.

माझ्या बाइकला शेवटी पुन्हा सीलबंदच टाकली. फरक एवढाच की आता दर सर्व्हिसिंगनंतर घरी येऊन रेस देतो आणि मीटर लावतो. १४.३ दिसला की सीट बंद करतो.